आधी चार आकडे, मग वेळापत्रक

> प्लीज कोणीतरी एमपीएससीच्या अभ्यासाचं टाइमटेबल बनवून द्या.

आधी चार गोष्टी सांगा: राज्यसेवा की गट ब-गट क संयुक्त, पूर्व परीक्षेची तारीख, रोज हमखास मिळणारे तास आणि आजची तयारी. आयोगाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रमही उतरवून घ्या.

तयारीबद्दल "बेसिक झालंय" एवढं सांगून भागत नाही. संयुक्त पूर्वची मागची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून एका तासात सोडवा. १०० प्रश्न विषयवार तपासा आणि अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर चूकच धरा, नाहीतर कच्चा विषय पक्का दिसतो.

समजा ९० दिवस आणि रोज ३ तास आहेत. शेवटचे २० दिवस उजळणी आणि सराव चाचण्यांना, तर १० दिवस आजारपण, लग्नकार्य यांना सोडा. (हे १० दिवस न सोडल्यास वेळापत्रक लवकर कोलमडू शकतं.) उरले ६० दिवस, म्हणजे १८० तास. चाचणीत ६० प्रश्न चुकले असतील, तर प्रत्येक चुकलेल्या प्रश्नामागे ३ तास येतात. अंकगणित-बुद्धिमत्तेत १२ चुकले तर ३६ तास, राज्यव्यवस्थेत ४ चुकले तर १२. अंकगणिताचे तास मात्र सलग संपवू नका, रोज पाऊण तास द्या. खंड पडला की वेग जातो.

हा हिशोब पहिला अंदाज आहे. तीन आठवड्यांनी दुसरी प्रश्नपत्रिका सोडवून तास पुन्हा वाटा. तुमचे आकडे इथे टाका, विषयवार मांडणी करून देतो.