प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री आय ड्रॉप्स: गरज की लूट?

दादरचा_दिनू
आईला काचबिंदू आहे. काल ड्रॉप्स घ्यायला गेलो तर डॉक्टरांनी नेहमीच्या बाटलीऐवजी प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री लिहून दिलेले, किंमत जवळपास तिप्पट. औषध तेच, टक्केवारीही तीच. लोक वर्षानुवर्षं साधी बाटली टाकतायत, कुणाचे डोळे गेले? आधी घाबरवायचं आणि मग महाग विकायचं, सगळा धंदा आहे.

मुलुंडची_ऑप्टोम
हे असं लिहून मोकळं व्हायचं आणि मग कुणाची तरी आजी ड्रॉप्सच बंद करून बसते, म्हणून सविस्तर लिहितेय. दिनू, आईला दिवसाला एका डोळ्यात एकूण किती थेंब पडतात ते लिहिलंच नाहीस, आणि सगळं त्यावर तर आहे.

आमच्याकडे एक काका यायचे. रात्री लॅटानोप्रोस्ट १, डॉर्झोलामाइड-टिमोलोल २ वेळा, ब्रिमोनिडिन ३ वेळा. डोळे खुपतात म्हणून वरून टिअर ड्रॉप्स ४ वेळा, तोही बीएके म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह घातलेला. झाले १०. डोळ्याचं प्रेशर एकदम छान, त्यामुळे घरचे म्हणायचे काका उगाच कुरकुर करतात. डोळ्याला पिवळ्या डायची पट्टी लावून निळ्या लाइटखाली बघितलं तर बुबुळाच्या खालच्या भागात हिरव्या ठिपक्यांचा, म्हणजे खराब झालेल्या पेशींचा नुसता सडा. उघड्या डोळ्यावर अश्रूंचा थर दहा सेकंद तरी टिकायला हवा, त्यांचा तीन-चार सेकंदांत फाटत होता. बीएके हा साबणाच्याच जातीचा पदार्थ, जंतूंचं आवरण फोडतो म्हणून तर घालतात. पण अश्रूंवरचा तेलाचा थरही तोच फोडतो, आणि वरच्या पेशींनाही सोडत नाही. म्हणजे काका कोरडेपणावर जे औषध टाकत होते त्यातूनच कोरडेपणा वाढत होता.

डॉक्टरांनी सगळं महाग करून ठेवलं नाही. फक्त टिअर ड्रॉप्स आणि रात्रीचा थेंब प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री केला. रात्रीचाच का, तर मूळ लॅटानोप्रोस्टमध्ये बीएके ०.०२ टक्के असतं, बाकी बऱ्याच थेंबांत ०.०१ च्या आसपास किंवा कमी. दहातले पाच बीएकेचे थेंब गेले. पुढच्या तपासणीला ठिपके बरेच विरळ झाले होते. पूर्ण गेले नाहीत, ब्रिमोनिडिनचीही थोडी लाली असतेच.

निवृत्त_क्यूसी
ठाणे-बेलापूर रोडवर अख्खी नोकरी स्टेराइल डिपार्टमेंटमध्ये गेली माझी, म्हणून बोलतो. प्रिझर्व्हेटिव्ह कुणी हौसेने घालत नाही. अमेरिकेत २०२२-२३ ला काय झालं ते आठवा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले टिअर ड्रॉप्स, चेन्नईच्या कंपनीत बनलेले, त्यातून स्यूडोमोनास नावाचे जंतू पसरले. १८ राज्यांत ८१ रुग्ण, ४ मृत्यू, काहींचे डोळे काढावे लागले. आणि दुसरं, बीएकेमुळे औषध बुबुळातून आत शिरतं, ते काढलं की ड्रॉप पांचट होतो. हे तुमच्या निळ्या लाइटमध्ये दिसत नाही मॅडम.

मुलुंडची_ऑप्टोम
काका, पहिलं म्हणणं अर्धं बरोबर. तिथे भानगड अशी की अनेकदा वापरायची साधी बाटली आणि आत पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नाही, वर जंतूंची तपासणी धड नाही. अमेरिकेच्या एफडीएचा आक्षेपच तो होता. चांगल्या प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री बाटलीला फिल्टर किंवा एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, थेंब बाहेर येतो पण बाहेरचं काही आत जात नाही. नाहीतर सिंगल डोसची वायल. आणि 'पांचट' म्हणाल तर लॅटानोप्रोस्टची दोन्ही रूपं शेजारीशेजारी तपासली गेलीत, प्रेशर सारखंच उतरतं.

विरारची_सून
वायलचा विषय निघालाच आहे तर मी सांगते, लोक उगाच खर्चाची बोंब मारतात. माझ्या सासूबाईंच्या वायलमध्ये ०.४ मिली असतं. दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकला तरी अर्ध्याहून जास्त उरतं. मी टोक परत दाबून बसवते आणि फ्रीजमध्ये ठेवते, दोन दिवस आरामात जाते.

निवृत्त_क्यूसी
अहो बाई!! ह्यासाठीच ती एकदाच वापरायची असते! टोक तोडलं की आत हवा, बोटं, पापणीला लागलेलं सगळं. आत जंतू मारायला काहीच नाही. फ्रीजमध्ये जंतू वाढायचे थांबत नाहीत, सावकाश वाढतात एवढंच.

विरारची_सून
ओरडू नका. अजून काही झालं नाही. तुमच्या डिपार्टमेंटला विचारा ना, दोन थेंब लागतात तर आठ-दहा थेंबांचं औषध का भरता? म्हणजे आम्ही पैसे देऊन बेसिनमध्ये ओतायचं?

निवृत्त_क्यूसी
इतकं कमी भरायला मशीनला सहज जमत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचे पहिले एक-दोन थेंब गालावरच जातात.

विरारची_सून
गालावरचे धरूनही उरतं. जमत नाही म्हणे, चंद्रावर जायला जमतं.

पार्ल्याचा_कोडर
मला पण हेच. दिवसभर स्क्रीन, एसी, वर लेन्स, डोळे जळतात. माझ्या बाटलीवर 'स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स' लिहिलंय. म्हणजे मी पण विष टाकतोय का? आणि फिल्टरवाली बाटली घेतली होती तर ती दाबता दाबता अंगठा दुखला, लोकलमध्ये तर सोडूनच द्या.

मुलुंडची_ऑप्टोम
कोडर, तू वेगळा धागा काढ खरं तर. तुझं प्रिझर्व्हेटिव्ह सौम्य आहे, डोळ्यात पडलं की मीठ, पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपतं. दिवसाला तीन-चार वेळा चालतं. लेन्सवर मात्र बीएकेवालं काही नको, मऊ लेन्स ते शोषून घेते आणि हळूहळू सोडत बसते.

विरारच्या ताई, उरलेलं तुम्ही ठेवताय ते मला पटत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना फिल्टरची बाटली विचारा, उघडल्यावर किती दिवस चालते ते बॉक्सवर असतं. दाबायला कडक असते हे खरं, सासूबाईंची बोटं वाकत नसतील तर तुम्हालाच टाकावं लागेल.

दादरचा_दिनू
वायलपुराण संपलं असेल तर माझ्याकडे बघा. बॉक्स वाचला. काचबिंदूचे एकूण ३ थेंब. शिवाय केमिस्टने आईला कोरडेपणासाठी एक दिलेला, तो ती 'जळजळ झाली की' टाकते, म्हणजे कितीही वेळा. त्यावर 'बेन्झाल्कोनियम क्लोराइड, अ‍ॅज प्रिझर्व्हेटिव्ह' आहे. घ्या, तुम्ही जिंकलात, पेढे वाटा.

मुलुंडची_ऑप्टोम
तो केमिस्टवाला आधी बदल, त्याला डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. काचबिंदूचे मात्र स्वतःहून एकही बंद करायचे नाहीत, प्रेशर वाढलं तर बहुतेकदा दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांना विचार की ठिपके दिसले म्हणून बदललं की आणखी कशासाठी. ठिपके नसतील आणि दिवसाला एकच थेंब असता तर मीही साधी बाटली म्हटलं असतं. पुढेमागे प्रेशरचं ऑपरेशन करायची वेळ आली तर वर्षानुवर्षं सुजलेला पांढरा भाग नीट साथ देत नाही, तेही विचारून ठेव.

निवृत्त_क्यूसी
ऑपरेशनचं सगळं बीएकेच्या माथी मारू नका. ज्यांना जास्त थेंब लागतात त्यांचा आजारच जास्त असतो, त्याचा हिशोब कुणी करायचा?

मुलुंडची_ऑप्टोम
हा मुद्दा मान्य, दोन्ही वेगळं करणं कठीण आहे.

दादरचा_दिनू
छान. टिअर ड्रॉप्स आज बदलतो, बाकीचं सोमवारी विचारतो. पण किंमत तिप्पट का, ह्यावर अजून एकानेही तोंड उघडलेलं नाही.

विरारची_सून
म्हणूनच तर मी टोक परत लावते.

निवृत्त_क्यूसी
बाई, फेका ती वायल!