साभार, सौजन्य की संग्रह? चित्राखाली नेमकं काय लिहावं

मृण्मयी: ३१ मार्चला डॉ. आनंदीबाई जोशींची जयंती. त्यासाठी इन्स्टाग्रामवर आठ स्लाइडचं कॅरोसेल करतेय आणि तीन स्लाइडवर अडलेय. तिसरीवर तो प्रसिद्ध फोटो आहे, साडीतल्या आनंदीबाई आणि सोबत जपानी व सीरियन मैत्रिणी. पाचवीवर आनंदीबाईंचं एक वाक्य आहे. सहावीवर आजच्या कल्याणचं छायाचित्र आहे, ते विकिमीडिया कॉमन्सवर मिळालं. सध्या तिन्हींखाली 'साभार: गूगल' लिहिलंय. इथे 'साभार' योग्य की 'सौजन्य'?

शब्दवेल्हाळ: 'साभार' म्हणजे आभारासह. जुन्या मासिकांत दुसरीकडचा लेख पुन्हा छापला की खाली 'अमुक अंकावरून साभार' असायचं. नापसंत कथा 'साभार परत' यायची, तोही हाच शब्द. आपण कुणाकडून काही घेतलं आणि त्याचे आभार मानतोय, एवढंच तो सांगतो. 'सौजन्य' त्याच्या पुढे जातं. समोरच्याने ती वस्तू आपणहून किंवा आपण मागितल्यावर दिली, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून न विचारता उचललेल्या चित्राखाली 'सौजन्य' लिहिलं तर ते चक्क खोटं ठरतं. गूगलला तर दोन्ही शब्द लागू नाहीत. त्याने चित्र काढलं नाही, जपलं नाही, दिलं नाही. ते कुठे आहे एवढं दाखवलं.

राजाभाऊ: एवढा काथ्याकूट कशाला? साठ वर्षं झाली की हक्क संपतो. आनंदीबाई १८८७ साली गेल्या. त्यांचं सगळंच मोकळं आहे, वाटेल ते लिहा.

जुनाकागद: राजाभाऊ, साठचा आकडा बरोबर आहे, पण मोजायला सुरुवात कुठून करायची ते बघा. भारतात लिखाणाची साठ वर्षं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचीही ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून. चित्रात किंवा गोष्टीत कोण आहे, ती व्यक्ती कधी गेली, याचा त्या मोजणीशी संबंध नाही. मृण्मयीच्या तीन स्लाइडची तीन वेगळी उत्तरं येतात.

तिसऱ्या स्लाइडवरचा फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. आनंदीबाईंबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली आहेत, तिघी पेनसिल्वेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. तो फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात, लेगसी सेंटरमध्ये, जपलेला आहे. इतक्या जुन्या फोटोवर हक्काची अडचण नाही. पण 'छायाचित्र: ड्रेक्सेल विद्यापीठ' असं लिहू नका, कारण फोटो त्यांनी काढलेला नाही. इथे शब्द 'संग्रह' हवा. आणि तिघींची नावं घाला. बाकीच्या दोघींना कातरून एकट्या आनंदीबाई ठेवलेली चित्रं ढिगाने फिरतात. ते केलंच तर 'मूळ छायाचित्राचा भाग' हे लिहायला हवं.

पाचव्या स्लाइडवरचं वाक्य कुठून घेतलंत?

मृण्मयी: एका पोस्टवरून. खाली '– डॉ. आनंदीबाई जोशी' होतं. एका संवादाचा तुकडा आहे, गोपाळरावांना उद्देशून.

जुनाकागद: मग माझा संशय श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ'वर आहे. ती १९६८ ची कादंबरी आहे. तिच्यातले संवाद लेखकाने रचलेले आहेत आणि तेच आनंदीबाईंचे उद्गार म्हणून फिरवले जातात. चित्रपटही झाला, त्यामुळे त्यातल्या ओळींची आणखी भर. ताडून बघायचा मार्ग असा. कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र १८८८ चं आहे, काशीबाई कानिटकरांचं मराठी चरित्र त्यानंतर लगेचचं. वाक्य या दोन्हींत कुठेच नसेल आणि कादंबरीत जसंच्या तसं सापडलं, तर ते कादंबरीकाराचं. इंग्रजी पुस्तकात शोधताना मराठी वाक्य भाषांतरून टाकू नका, त्यातलं एखादं गावाचं किंवा माणसाचं नाव टाका.

मृण्मयी: कादंबरी घरात आहे. शोधलं. मिळालं, अगदी शब्दाला शब्द.

जुनाकागद: मग खाली आनंदीबाईंचं नाव नको. 'श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीतील संवाद' असं लिहा. या पुस्तकावरचा हक्क अजून चालू आहे, तेव्हा एकदोन वाक्यांच्या पुढे जाऊ नका. पानभर उतारा घ्यायचा असेल तर प्रकाशकाला विचारा. माझं मत विचाराल तर हे वाक्य काढून टाका आणि आनंदीबाईंच्या इंग्रजी पत्रातली ओळ घ्या. ती मराठीत तुम्ही आणली असेल तर 'मूळ इंग्रजी पत्र, १८८८ च्या चरित्रातून. अनुवाद: मृण्मयी' असं लिहा. दुसऱ्या कुणाचा अनुवाद असेल तर त्याचं नाव, आणि परवानगीही. पत्र जुनं झालं तरी आजच्या अनुवादावर अनुवादकाचा हक्क असतो.

वैशाली_प: कॅरोसेलला मराठीत काय म्हणायचं? चित्रमालिका?

शब्दवेल्हाळ: चालेल की. पण वैशालीताई, मृण्मयी चित्राखालच्या ओळीबद्दल विचारतेय.

पेणचा_फोटोवाला: माझं सांगतो. गणपती रंगवणाऱ्या कारागिराचा मी काढलेला फोटो एका दुकानाच्या जाहिरातीत दिसला, खाली 'साभार' आणि माझं नाव. मला कुणी विचारलं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, तुमचं नाव दिलंय ना! नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. त्या 'साभार'ने उलट लोकांना वाटलं की मीच तो दिला. मृण्मयीताई, सहाव्या स्लाइडवरचा फोटो कुणी काढलाय?

मृण्मयी: कॉमन्सच्या पानावर एका सदस्याचं टोपणनाव आहे आणि CC BY-SA 4.0.

पेणचा_फोटोवाला: म्हणजे त्याने अटी घालून परवानगी आधीच दिलेली आहे. त्याचं नाव त्याने लिहिलंय तसंच द्या, परवान्याचं नाव द्या, दोन्हींचे दुवे द्या आणि बदल केला असेल तर तो सांगा. नुसतं 'विकिमीडिया' लिहून भागत नाही. मी असं लिहीन: 'छायाचित्र: (सदस्यनाव), विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कातरलेले'. दुवे कॅप्शनमध्ये टाका. तिथे ते दाबून उघडत नाहीत, पण शोधणाऱ्याला पत्ता तरी मिळतो.

मृण्मयी: मग सगळंच कॅप्शनमध्ये टाकलं तर? स्लाइड स्वच्छ राहील.

पेणचा_फोटोवाला: नको. लोक एका स्लाइडचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, कॅप्शन मागे राहतं. शेवटच्या स्लाइडवर सगळी नावं एकत्र टाकली तरी तीच गत. ज्या स्लाइडवर चित्र, त्याच स्लाइडवर ओळ. १०८० बाय १३५० च्या स्लाइडवर अक्षरं २४ पिक्सेलच्या खाली नेऊ नका आणि ओळ कडेला चिकटवू नका, नाहीतर कुणीतरी तीच कातरतं.

राजाभाऊ: त्या SA चं काय? तिचं अख्खं कॅरोसेल त्याच परवान्याखाली द्यावं लागेल ना?

जुनाकागद: चांगला मुद्दा काढलात. फोटो वेगळ्या स्लाइडवर जसाच्या तसा असेल तर कॅरोसेल एक संग्रह झालं, बाकीच्या स्लाइडना ती अट लागत नाही असं मी धरतो. फोटोत फेरफार करून नवं चित्र बनवलं, तर ते चित्र त्याच परवान्याखाली द्यावं लागतं. फोटोवर नुसती मोठी अक्षरं टाकली तर काय, यावर जाणकारांतही मतभेद आहेत. मी अक्षरं फोटोबाहेर ठेवतो.

मृण्मयी: तिसऱ्या स्लाइडसाठी हे लिहिलंय: 'साबात इस्लांबूली, केई ओकामी आणि आनंदीबाई जोशी, १० ऑक्टोबर १८८५. संग्रह: लेगसी सेंटर, ड्रेक्सेल विद्यापीठ, फिलाडेल्फिया'. चालेल?

जुनाकागद: नावांचा क्रम चित्रातल्या क्रमाशी जुळतोय का ते अभिलेखागाराच्या नोंदीवरून बघा आणि मग 'डावीकडून' हा शब्द घाला.

मृण्मयी: बघते. अजून एक. याच फोटोची रंगवलेली आवृत्ती मिळाली, फार सुंदर आहे. रंगवणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

शब्दवेल्हाळ: वापरलीच तर 'छायाचित्र' म्हणू नको, 'छायाचित्रावरून रंगवलेले' म्हण. साडीचा तो रंग १८८५ चा नाही, रंगवणाऱ्याच्या मनातला आहे.

पेणचा_फोटोवाला: माझ्या मते वापरूच नये. ज्याने रंगवलं त्याची ती मेहनत आहे आणि त्याला विचारायची सोय नाही.

राजाभाऊ: मूळ चित्र मोकळं असताना नुसते रंग भरले म्हणून नवा हक्क कसा तयार होईल? हे मला पटत नाही.

मृण्मयी: तुमचं दोघांचं होईतो मी कृष्णधवलच ठेवते.