होस्ट भरणार असेल तरच

“क्लाउडवर आपल्यापुरतं अख्खं मशीन, म्हणजे डेडिकेटेड होस्ट घेतला की एसक्यूएल सर्व्हरची लायसन्स अर्ध्यावर येतात ना?”

होस्ट भरलेला असेल तरच, आणि एंटरप्राइझ एडिशनला मायक्रोसॉफ्टचा सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स करार असेल तेव्हाच. एडब्ल्यूएसच्या आर५ होस्टवर ४८ फिजिकल कोअर, म्हणजे कोअरमागे दोन थ्रेड धरून ९६ व्हीसीपीयू. होस्टवर लायसन्स फिजिकल कोअरमागे मोजतात, म्हणून ४८ लायसन्सवर त्यात हवी तेवढी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम चालतात. शेअर्ड मशीनवर मात्र प्रत्येक व्हीसीपीयू मोजला जातो.

इथे सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या तीन व्हीएम होत्या, प्रत्येकी ८ व्हीसीपीयू. म्हणजे २४ लायसन्स. होस्टला दुप्पट लागली असती! होस्ट नकोच म्हटलं. डेटाबेसला मेमरी हवी होती, सीपीयू निवांत होता. म्हणून प्रत्येक मशीन उभं करतानाच `CoreCount=4,ThreadsPerCore=1` दिलं, म्हणजे कोअरमागे एकच थ्रेड आणि व्हीसीपीयू ८ चे ४. मेमरी आणि भाडं तेच राहिलं, लायसन्स १२ झाली. व्हीएममागे किमान ४ मोजतातच, त्यामुळे आणखी खाली जाऊन उपयोग नाही.