बाबांसाठी उखाणा: आईचे नाव शेवटी कसे आणावे?

पुढील महिन्यात जळगावला आई-बाबांच्या लग्नाचा 50 वा वाढदिवस असून, बाबांनी आईचे, म्हणजे सुमनचे, नाव उखाण्यात घ्यावे असा नातवंडांचा हट्ट आहे. मी रचलेला उखाणा असा:

भरताला ठसका, कळण्याची भाकर,
सुमनच्या रागातही विरघळते साखर.

यमक जुळते, परंतु नाव दुसऱ्या ओळीच्या आरंभीच येत असल्याने तिथेच टाळ्या पडतात आणि खरी गंमत असलेली ‘साखर’ गोंगाटात हरवते, हे घरच्या तालमीत दिसले. नाव शेवटी न्यावे, तर ‘सुमन’ला ‘जीवन’ जोडावे लागते, आणि ते मला लग्नपत्रिकेतले वाटते. भरीत-भाकर कायम ठेवून नाव शेवटी येईल, अशा दोन ओळी कृपया सुचवाव्यात. बाबा घरात अहिराणीच बोलतात, त्यामुळे अहिराणीत जमल्यास अधिक उत्तम.