मदत हवी आहे: एक्झिट इंटरव्ह्यू केव्हा आणि कसा ठेवावा, म्हणजे माणूस मनापासून बोलेल?

चाकण_एचआर

नमस्कार मंडळी. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी एचआर बघते. एचआर म्हणजे मी आणि एक मदतनीस, बस्स.

आमचा एक सीनियर क्वालिटी इंजिनियर सोडून चाललाय. सात वर्षं होता. नोटीस दोन महिन्यांची, शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. त्याच्या डिपार्टमेंटमध्ये पाच जण, आणि वर्षभरात गेलेला हा तिसरा. आधीच्या दोघांच्या फाइलमध्ये कारण एकच लिहिलंय, "बेटर अपॉर्च्युनिटी". त्यातून काय कळणार, कपाळ?

आमच्याकडची पद्धत अशी: शेवटच्या दिवशी माणूस नो ड्यूजचा कागद घेऊन फिरतो. स्टोअर, टूल क्रिब, आयटी, कँटीन, अकाउंट्स अशा सह्या होतात आणि सर्वात खाली ओळ असते, "एक्झिट इंटरव्ह्यू पूर्ण, एचआर सही". मग तो माझ्यासमोर बसतो, छापील फॉर्मवर सगळीकडे "गुड"ला टिक करतो आणि बस पकडायला पळतो.

या वेळी खरंच बोलणं व्हावं असं वाटतंय. मी हा निरोप तयार केलाय:

"आपला एक्झिट इंटरव्ह्यू दि. २९ रोजी सायं. ५ वाजता कॉन्फरन्स रूममध्ये आयोजित केला आहे. प्लांट हेड व एचआर उपस्थित राहतील. कृपया वेळेवर हजर राहावे."

यात काय बदलू? आणि तारीख बरोबर आहे का?

टूलरूमवाला

ताई, हा निरोप आहे की मेमो? मला आला असता तर आधी वाटलं असतं, आपण काय चोरलं बुवा.

खडूस_काका

सगळं नाटक असतं हो. मी बँकेतून निवृत्तीच्या आधीच सोडलं तेव्हा रीजनल ऑफिसातून एक पोरगं आलं होतं, "सर, आम्ही काय सुधारू शकतो?" मी मनात म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगतोय. आणि रिलिव्हिंग लेटर मात्र चार महिने फिरवलं. इंटरव्ह्यू दिला नाही तर लेटर अडवता येतं का हो? माझ्या पुतण्याचं असंच अडकलंय.

चाकण_एचआर

काका, मी कंपनीच्या बाजूने विचारतेय :) पण तुमचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे म्हणा.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

काकांचा प्रश्न आधी घेते, कारण सगळं अडतं तिथेच. बोलायला बसला नाही म्हणून कुणाचा पगार किंवा ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. पाच वर्षं सलग भरली असतील तर ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावीच लागते. पण चाकण ताई, तुमच्या नो ड्यूजच्या कागदावर ती शेवटची ओळ आहे तोवर तुमच्या माणसाला उलटंच वाटणार. निरोप कितीही गोड लिहा, त्याला दिसतं ते एवढंच की ही सही झाली नाही तर हिशोब लटकेल. अशा वेळी शहाणा माणूस "गुड"लाच टिक करतो.

म्हणून पहिलं काम ती ओळ काढणं. दुसरं, बोलावण्याच्या आधी त्याला रिलिव्हिंग लेटरचा मसुदा आणि फुल अँड फायनलचा अंदाजे हिशोब हातात द्या. शिल्लक रजांचे किती, ग्रॅच्युइटी किती, कधी जमा होणार. ते एकदा दिसलं की त्याला तुमच्याकडून काही काढून घ्यायचं उरत नाही, आणि मग तो बोलला तर स्वतःच्या मर्जीने बोलतो.

आता तारीख. २९ नको. महिनाअखेर, त्यात सहामाही संपतेय. तुमच्याकडे डिस्पॅचची धांदल असणार आणि क्वालिटीवाला तर त्याच्या मध्यावर उभा. शेवटच्या दोन दिवसांत डोक्यात नवी नोकरी, पेढे आणि लॅपटॉप जमा करणं एवढंच असतं. राजीनाम्यानंतर लगेचही नको, तेव्हा साहेब लोक त्याला थांबवायच्या प्रयत्नात असतात आणि बोलण्याचं रूपांतर पगाराच्या घासाघिशीत होतं. थांबवायचा विषय संपला, हँडओव्हर कुणाकडे जाणार हे ठरलं, की मग विचारा. तुमच्या बाबतीत गणपतीच्या आधीचा आठवडा बरा दिसतोय.

वेळ ५ ची का ठेवलीत? तुमची बस किती वाजता सुटते?

चाकण_एचआर

५:४० ला. अरे हो! साडेपाचपासून तो घड्याळच बघत बसणार.

मंजिरी_आयटीवाली

माझं मत वेगळं. हे सगळं कशाला? नावाशिवाय गूगल फॉर्म पाठवा. आमच्याकडे तसंच आहे, लोक बिनधास्त लिहितात. नाहीतर सोडून गेल्यावर तीन महिन्यांनी फोन करा, तेव्हा कुणाची भीती नसते.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

मंजिरी, तुमच्या कंपनीत महिन्याला वीस-तीस जण जात असतील तर फॉर्म चालेल. इथे सप्टेंबरात क्वालिटीतून एकच जण जातोय. नाव नाही लिहिलं तरी कोण ते शिपायालाही कळेल. आणि "नावाशिवाय" असं सांगून नाव कळलं, तर पुढच्या माणसाचा विश्वास कायमचा गेला.

तीन महिन्यांनी फोन ही सूचना मला आवडते. तेव्हा राग निवलेला असतो आणि नवी जागा पाहिल्यामुळे तुलनाही करता येते. पण पुष्कळ जण उचलत नाहीत, उचलला तर "सगळं छान होतं" म्हणून मोकळे होतात. म्हणून तो पर्याय आत्ताच समोर ठेवायचा. आत्ता बोला, जानेवारीत बोला, लिहून द्या, किंवा काहीच नको. निवड त्याची.

टूलरूमवाला

आणि प्लांट हेड कशाला त्या खोलीत? माणूस त्यांच्यामुळेच जात असेल तर?

चाकण_एचआर

ते स्वतःच म्हणाले, "मी बसतो, मला ऐकायचंय."

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

ऐकायची इच्छा चांगली आहे, पण त्या खोलीत नको. तुम्ही एकट्याच बसा. आणि साहेबांशी आधीच ठरवून घ्या की तो जाईपर्यंत "काय म्हणाला रे?" हा प्रश्न विचारायचा नाही. शेवटचे आठवडे त्याला त्याच लोकांत काढायचेत. नंतर द्याल तेही त्याच्या नावाने नको, आधीच्या दोघांशी आता फोनवर बोलता आलं तर तिघांचं मिळून द्या. पाच जणांच्या डिपार्टमेंटमध्ये पूर्ण लपत नाहीच, हे त्यालाही सांगा.

कॉन्फरन्स रूमला काच आहे का?

चाकण_एचआर

समोरून पूर्ण काच. शेजारी साहेबांची केबिन.

टूलरूमवाला

कँटीनमध्ये बसा की. दुपारच्या जेवणानंतर अडीच ते सव्वातीन रिकामंच असतं, मग शिफ्ट सुटली की गर्दी. आमच्याकडे सगळ्या खऱ्या गोष्टी तिथल्या कोपऱ्यातल्या टेबलावरच होतात.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

चालेल, फक्त त्यालाच विचारा कुठे बसू. मी असा निरोप पाठवला असता:

"तुझ्या रिलिव्हिंग लेटरचा मसुदा आणि फुल अँड फायनलचा हिशोब मेलवर पाठवलाय, बघून घे, काही चुकलं असेल तर सांग. त्याच्याशी संबंध नसलेली एक विनंती. क्वालिटीतून वर्षभरात तिघे गेले, त्यामागे काय आहे ते मला समजून घ्यायचंय. गणपतीच्या आधी अर्धा-पाऊण तास बोलशील का? मी एकटीच असेन. जागा आणि वेळ तू सांग. नको असेल तर 'नको' म्हण, कारण द्यायची गरज नाही आणि कुठे नोंदही होणार नाही. जानेवारीत फोनवर बोललं तरी चालेल. जे सांगशील ते तू गेल्यानंतर, नाव न घेता पुढे जाईल."

सोबत दोन-तीन प्रश्नही पाठवून द्या, म्हणजे त्याला विचार करायला वेळ मिळतो. "का सोडतोस" हा त्यात नको, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. "दुसरीकडे बघायला सुरुवात कधी केलीस आणि त्या सुमारास इथे काय चाललं होतं" हे विचारा. सोडायचं कारण बहुधा राजीनाम्याच्या बरंच आधीचं असतं.

विनायक_ऑडिट

एक मुद्दा राहतोय. "जे सांगशील ते नाव न घेता" हे सरसकट वचन देऊ नका. हा क्वालिटीचा माणूस आहे. उद्या म्हणाला, "माल मापात बसत नव्हता तरी रिपोर्टवर सही करायला लावली", तर ताई काय करणार? गाडीच्या भागाचा प्रश्न आहे, जानेवारीपर्यंत थांबता येणार नाही. आणि रिपोर्टवर सही त्याचीच, त्यामुळे नाव लपणार कसं? छळाची तक्रार निघाली तरी तेच.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

बरोबर बोललात, माझ्या मसुद्यात ते हवं होतं. शेवटी जोडा: "फक्त कुणाच्या सुरक्षिततेचा किंवा छळाचा प्रश्न असेल तर मला लगेच पुढे न्यावं लागेल, ते मी तुला आधी सांगेन." त्यामुळे तो काही गोष्टी गिळेल का? गिळेलही. यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही.

विनायक_ऑडिट

माझ्या मते गिळला तरी चालेल, पण फसवल्यासारखं वाटायला नको.

टूलरूमवाला

मला नाही पटत. ते वाक्य वाचून आमच्याकडचा एकही जण तोंड उघडणार नाही. तोंडी सांगा, लिहून नको.

चाकण_एचआर

अपडेट. हिशोब आधी पाठवला, दुसऱ्या दिवशी निरोप. सुरक्षिततेचं वाक्य लिहूनच पाठवलं. त्याचं उत्तर: "मॅडम, हिशोबात रजा दोन कमी धरल्यात. बाकीचं बघतो, सोमवारी सांगतो." रजा खरंच कमी होत्या, अकाउंट्सकडून दुरुस्त करून घेतल्या.

प्लांट हेड खोलीत न बसायला तयार झाले, थोडे नाराज आहेत. पण नो ड्यूजवरची ओळ काढायला नकार! म्हणाले, तो कंट्रोल्ड फॉरमॅट आहे, ऑडिटला लागतो.

विनायक_ऑडिट

एक्झिट इंटरव्ह्यू घ्याच असं आयएसओ ९००१ मध्ये कुठेही नाही. ऑडिटर तुम्हीच तुमच्या प्रोसिजरमध्ये काय लिहिलंय ते बघतो. प्रोसिजर आणि फॉरमॅट दोन्हींची रिव्हिजन एकदम काढा, एका सहीचं काम आहे. नुसता फॉरमॅट बदललात तर मात्र नॉन-कन्फर्मिटी पक्की.

चाकण_एचआर

सही करणारे एमआर, म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, गणपतीनंतर येणार. तोवर?

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

तोवर ती सही आजच करून टाका. नो ड्यूजचा कागद काढा, बाकीच्या रकान्यांच्या आधी तुमचा रकाना भरा, शेजारी हाताने लिहा "विचारणा केली", आणि कागद त्याच्या हातात द्या. सोमवारी तो काय म्हणतो याच्याशी त्या सहीचा संबंध उरला नाही, हे त्याला दिसेल.

विनायक_ऑडिट

"पूर्ण" छापलंय तिथे "विचारणा केली" लिहिलेलं ऑडिटर विचारेल हं.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

विचारू दे. "पूर्ण" हा शब्द खोडून बाजूला इनिशियल्स आणि तारीख टाका, एवढं चालतं ना?

विनायक_ऑडिट

एका कागदापुरतं चालेल. पुढच्या वेळेस नाही.

खडूस_काका

पुतण्याच्या लेटरचं कुणी सांगेल का? ग्रॅच्युइटीचं कळलं, पण त्याला पाच वर्षं झालेली नाहीत.

सुलभा_कुलकर्णी_नाशिक

काका, वेगळा धागा काढा. राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचा मेल आणि शेवटच्या दिवसाची तारीख एवढं लिहा, मी तिथे उत्तर देते.