मदत हवी आहे: सोबतीचे तास रोज थोडे, की आठवड्यातून तीनदा?

नमस्कार मंडळी. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात, वय ८१. मी परदेशात, बहीण दुसऱ्या शहरात. सोबतीला एक ताई सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी दोन-दोन तास येतात. दोघांचं छान जमतं. शब्दकोडं सोडवताना भांडतातसुद्धा!

अडचण अशी की, परवा ताईंनी गोळ्यांच्या डबीचा फोटो पाठवला. त्या येतात त्या दिवसांचे कप्पे रिकामे, मंगळवार-गुरुवारचे सकाळचे कप्पे भरलेलेच. कुणी येणार असलं की बाबा दाढी, अंघोळ, गोळ्या वेळेवर उरकतात. नाहीतर उशिरापर्यंत अंथरुणात. फोनवर मात्र रोज ‘मी मजेत’. डॉक्टरांना कळवलंय. स्मरणशक्ती ठीक आहे, पण उदासपणा असू शकतो, म्हणून त्यांनी भेटायला बोलावलंय. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, हेही बजावलंय.

माझा विचार असा, की तेच सहा तास रविवार सोडून रोज सकाळी एक-एक तास वाटावेत. म्हणजे उठायला रोज कारण मिळेल. पण तासाभरात निवांत गप्पा आणि फिरणं दोन्ही बसणार नाही. शिवाय ‘गोळी घेतली का?’ हाच पहिला प्रश्न झाला, तर बाबांना ती पाळत वाटेल. ते तसे मानी आहेत.

असा बदल कुणी केलाय का? आणि डबी बघायचं काम ताईंकडेच ठेवावं, की सकाळच्या व्हिडिओ कॉलवर आम्हीच विचारावं?