जोडीने पहिला लांबचा प्रवास, वेगवेगळ्या सवयी – दिवस कसे आखावेत? (मदत हवी आहे)

चाफेकळी

नमस्कार मंडळी. लग्नाला वर्ष होत आलंय आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघतोय. साधारण दोन आठवडे, चार गावं, मधलं अंतर काही रेल्वेने, काही भाड्याच्या गाडीने स्वतः चालवत. आजवर फक्त शनिवार-रविवार जोडून फिरलोय. मागच्या खेपेला सुट्टी जरा लांबली, तर दोन दिवस छान गेले आणि मग कुरबुर सुरू.

मला पहाटे जाग येते. नवरा साडेनऊच्या आत डोळे उघडत नाही. त्याची झोप मोडू नये म्हणून मी अंधारात बॅगेची चेन एकेक दाता मोजत उघडते. दुसरं म्हणजे, विचारलं की तो म्हणतो, ''तू ठरव, मला काहीही चालेल.'' मी ठरवते, तिथे पोचतो आणि मग साहेब म्हणतात, ''इथे कशाला आलो आपण?'' सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. जेवायला कुठे जायचं यावरून रस्त्यात उभं राहून वाद.

माणूस चांगला आहे हो, तक्रार त्याची नाही. पण दोन आठवडे असेच गेले तर कसं व्हायचं? आखणीत काय बदलू?

बोरूबहाद्दर

ठिकाण लिहिलं असतंत तर नीट सांगता आलं असतं. बॅगा हलक्या ठेवा, दोघांत मिळून एकच मोठी घ्या. बुटांचे दोन जोड पुरतात.

चाफेकळी

धन्यवाद, पण ठिकाण आणि बॅगा ठरल्यात. अडचण आमच्या दोघांची आहे.

निवांत

सोप्पं आहे. सगळं एकानेच ठरवायचं, दुसऱ्याने मान डोलवायची. आमच्याकडे बायको ठरवते, मी मागून बॅगा ओढतो. इतक्या वर्षांत प्रवासात एकदाही वाजलं नाही.

पायपीट

मी बरीच वर्षं लहान गट घेऊन फिरतो, त्यात नवी जोडपी हमखास असतात. निवांत यांचं अर्धं बरोबर आहे. एका वेळी एकानेच ठरवावं, हे खरं. पण सगळा प्रवास एकाच्या गळ्यात घातला की दुसरा पाहुणा होतो. मग पाऊस पडला, रांग लांब निघाली, खोलीला खिडकी नाही, सगळा दोष ठरवणाऱ्यावर. चाफेकळी, तुमचं नेमकं हेच होतंय. दिवस वाटून घ्या. आज तुमचा, उद्या त्याचा. ज्याचा दिवस नाही त्याने बिघडलेल्या बेतावर संध्याकाळपर्यंत शेरा मारायचा नाही. त्याच्या दिवशी तो दुपारपर्यंत लोळला तरी तुम्हीही गप्प.

आणि ''काहीही चालेल'' म्हणणाऱ्याला ''काय हवंय'' विचारून उपयोग नसतो. तीन पर्याय ठेवा आणि यातलं नको काय ते विचारा. नकार लगेच येतो, आणि नंतर ''कशाला आलो'' म्हणायची सोय उरत नाही.

आता भांडणांची वेळ बघा. माझ्या गटांत जोडपी दोनदा तडकतात, दुपारी एकनंतर आणि संध्याकाळी सातच्या सुमारास. विषय काहीही असो, पोट रिकामं असतं, पाय दुखत असतात आणि सकाळपासून बारीकसारीक ठरवून डोकं शिणलेलं असतं. अशा वेळी नवीन काही ठरवायला घ्यायचंच नाही. रात्रीच्या जेवणाच्या दोन जागा तुम्ही सकाळीच हेरून ठेवा, त्याने दुपारच्या जेवणावर त्यातली एक निवडावी. सातला फक्त चालत जायचं.

तुमचा एक दिवस मांडून दाखवतो. रात्रीच तुमचे कपडे, बूट, पाण्याची बाटली बाथरूममध्ये काढून ठेवा आणि खोलीची दुसरी किल्ली मागून घ्या, म्हणजे चेनीचा प्रश्न मिटला. सहा ते साडेनऊ वेळ तुमचा एकटीचा. बाजार बघा, नदीकाठी चाला, तो झोपू दे. दहाला दोघांनी न्याहारीला भेटायचं. वेळेचं तिकीट असलेली गोष्ट दिवसात एकच, तीही अकरानंतरची. भूक लागायची वाट न बघता एकच्या आत जेवायचं. तीन ते पाच खोलीवर परत. ही विश्रांती लोक आधी कापतात, आणि रात्री त्याचीच किंमत मोजतात. त्यानंतरची संध्याकाळ त्याची, कारण तेव्हा तो ताजा असतो.

चाफेकळी

बापरे, मी दिवसाला चार ठिकाणं लिहिली होती! पण एकटीने सकाळी फिरायचं म्हणजे… एकत्र जातोय ना आपण? सासूबाईंना कळलं तर म्हणतील, भांडलात का.

पायपीट

तीन तास वेगळे राहिलात तर न्याहारीला सांगायला काहीतरी असेल. चोवीस तास एका खोलीत काढायची सवय तुम्हाला घरी तरी कुठे आहे? घरी दोघांना आपापलं ऑफिस असतं.

चार गावांचा मात्र पुन्हा विचार करा. गाव बदलायचा दिवस बघण्यात धरू नका. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, पुढची मिळणार दुपारी दोन-तीनला. मधला वेळ सामान ओढत, घामाघूम, धड बसायला जागा नाही. नव्या जोडप्यांचं सगळ्यात मोठं वाजतं ते या तासांत. पोचल्यावर सामान आधी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवायला द्या. खोली तयार नसली तरी बॅगा बहुतेक ठेवून घेतात, फक्त आधी विचारून ठेवा. जमलं तर एक गाव गाळा. त्यातून एक पूर्ण दिवस सुटेल, तो मोकळाच ठेवा.

खिडकीजवळची

माझं दुखणं वेगळंच. आमचे हे गाडी सुटायला पाच मिनिटं असताना स्टेशनात शिरणार. मला तासभर आधी फलाटावर बसायचं असतं. मधली वेळ ठरवली तर दोघंही नाराज. मी रुसते, ते घड्याळ दाखवतात, ''मिळाली ना गाडी?'' मिळते हो, पण माझं बीपी!

निवांत

मिळाली ना मग? भांडण कशाला?

पायपीट

इथे मधली वेळ काढूच नये. चुकली तर नुकसान कशाचं, ते बघावं. तासाभराने दुसरी गाडी असेल तर त्यांच्या चालीने जा. दिवसातली एकच असेल किंवा विमान असेल तर तुमच्या. आणि हे घरून निघायच्या आधी, डोकं शांत असताना बोलायचं. अर्थात ऐकतीलच असं नाही, माझ्या गटात एकाला बसमध्ये उचलून बसवायची वेळ आली होती.

सारथी

गाडी चालवणार आहात म्हणून एक भर. चालवणाऱ्याने नकाशा बघायचा नाही आणि नकाशा धरणाऱ्याने वळण यायच्या बरंच आधी सांगायचं. ''अरे हेच होतं!'' हे वळण मागे पडल्यावर सांगून काय उपयोग? चुकलं तर पुढचं वळण येईपर्यंत दोघांनी तोंड मिटून बसायचं. आम्ही खर्चाचंही एक वेगळं पाकीट करतो. दोघं सारखी रक्कम टाकतो, जेवण-तिकिटं त्यातून. स्वतःची खरेदी स्वतःच्या खिशातून, तिथे एकमेकांना विचारायचं नाही.

चाफेकळी

काल रात्री त्याला हा धागा दाखवला. दिवस वाटून घ्यायला लगेच तयार झाला, दुसऱ्या किल्लीलाही. एक गाव गाळायचं म्हणून मी चारही समोर ठेवली आणि नको कोणतं ते विचारलं. नेमकं माझं सगळ्यात आवडतं गाळलं! आता त्यावरून बोलणी चालू आहेत. पाकिटाची कल्पना त्याला पटली नाही, म्हणतो हिशेब आल्यावर करू. सारथी, तुमच्याकडे पाकीट कोण सांभाळतं?

सारथी

ज्याचा दिवस असेल तो. पण आल्यावर हिशेब करू म्हणणारे नंतर करत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.